‘ते आलं’ की ‘ते आले’?

*माझं लेकरू किरण २१ वर्षांचं आहे, पुण्यात डिझाइन शिकतंय. दिवाळीला घरी आल्यावर आम्हाला बसवून सांगितलं, “मी मुलगी नाही आणि मुलगाही नाही, नॉन-बायनरी आहे. मला ‘ती’ म्हणू नका, ‘ते’ म्हणा.” मी आणि हे, दोघंही तयार आहोत. पण तोंड उघडलं की जीभ अडते. आली म्हणू, आला म्हणू, का आलं? मराठीत प्रत्येक वाक्यात हे येतंच. चुकलं की किरणचा चेहरा उतरतो. पुढच्या महिन्यात कागलला भाच्याचं लग्न आहे, सगळे पाहुणे विचारणार. आणि सासूबाईंना काय सांगू?*
*– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर*

ताई, पाहुण्यांचं आणि सासूबाईंचं पुढं बघू. आधी किरणला एक गोष्ट विचारा: ‘ते’ म्हणजे ‘ते आलं’ की ‘ते आले’? इंग्रजीत नॉन-बायनरी माणसाला ‘दे’ हे सर्वनाम लावतात, ते मराठीत आणताना बहुतेक जण नुसतं ‘ते’ सांगतात आणि पुढं क्रियापद कसं चालवायचं ते सांगायचं राहून जातं. मराठीत ‘ते’ दोन आहेत. एक नपुंसकलिंगी एकवचन, जसं ते मूल आलं, ते झाड पडलं. दुसरं अनेकवचन किंवा मानाचं, जसं पाहुणे आले, सर आले. तुमची जीभ अडते ती मन तयार नाही म्हणून नव्हे, या दोन वाटांपैकी कुठली धरायची ते ठरलेलं नाही म्हणून.

दोन्ही वाटांना खड्डे आहेत, आणि ते किरणलाही माहीत असलेले बरे.

‘किरण आलं’ आपल्या भागात कानाला मायेचं लागतं. पोरगं आलं, लेकरू दमलं, असं आपण दिवसभर बोलतो. पण ही माया वयानं मोठ्या माणसाच्या तोंडीच शोभते. उद्या ऑफिसातल्या कुणी ‘किरण आलं’ म्हटलं तर ते हिणवल्यासारखं होईल, आणि ‘नपुंसक’ या शब्दाची शिवी आपल्या समाजात जिवंत असल्यानं काहींना हे रूप नकोच असतं. दुसरी अडचण व्याकरणाची आहे आणि ती सहसा उशिरा लक्षात येते. ‘ते’ला प्रत्यय लागला की ते ‘त्याला, त्याचं, त्यानं’ होतं, म्हणजे हुबेहूब पुल्लिंगासारखं. “ते आलं, त्याला भूक लागली, त्याचा फोन कुठाय?” तीन वाक्यांत ऐकणारा समजतो की मुलाबद्दल चाललंय. तरीही ही वाट निवडणारे लोक आहेत. आपल्यासारखीच तीन लिंगं असलेल्या पोलिश भाषेत काही नॉन-बायनरी माणसं ‘मी होतो, मी होते’ यांच्या जागी मुद्दाम नपुंसकलिंगी रूप वापरतात. तिथं ते ‘बिवॉम’ असं होतं, आणि तेही सुरुवातीला कानाला विचित्रच लागतं.

‘किरण आले’ या वाटेचा फायदा प्रत्ययात आहे. त्यांना, त्यांचं, त्यांनी, त्यांच्याकडं ही रूपं बाई, पुरुष, सगळ्यांना एकच आहेत. नुकसान क्रियापदात आहे. आपण मानानं बोलताना बाईला ‘त्या आल्या’ म्हणतो, त्यामुळं ‘ते आले’ एकट्या माणसाबद्दल म्हटलं की पुरुष वाटतो. कागलच्या पुढं निपाणीकडं गेलात की कानडीत ही अडचणच नाही. ‘अवरु बंदरु’ म्हटलं की बाई आली की पुरुष आला ते त्या शब्दांतून कळतच नाही, मान तेवढा कळतो. मराठीत तसं रूप नाही. जवळात जवळचं काय, तर ‘आई-बाबा आले’, ‘सगळे आले’ यातलं ‘आले’. बाई-पुरुष मिसळून असले की आपण तेच वापरतो, आणि त्याच आधारावर ‘किरण आले’ उभं राहू शकतं. आईच्या तोंडी मात्र ते जावई आल्यासारखं परकं वाटेल. पहिले काही आठवडे वाटेलच.

आमचं मत विचाराल तर घरातल्यांनी आपसात आणि मित्रमंडळींत ‘किरण आले, त्यांना’ ही वाट धरावी. पण ठरवायचं किरणनं, आणि पुढं बदलावंसं वाटलं तर बदलायचंही किरणनं.

आता दुसरा भाग, जो रोज जास्त उपयोगी पडतो. मराठीत प्रत्येक वाक्यात लिंग येत नाही. ते ठरावीक जागी येतं, आणि त्या जागा एकदा ओळखीच्या झाल्या की निम्म्याहून जास्त बोलणं जसं आहे तसंच चालतं. किरण जाईल, किरण जाणार, किरण घरी आहे, किरण चहा घेत नाही, यात काही नाही. ‘घेतो-घेते’मध्ये लिंग आहे, पण ‘घेत नाही’त नाही. ये, बस, खा, जा यात नाही. भूतकाळातही जिथं ‘नं’ लागतो तिथं क्रियापद कर्माच्या मागं जातं, माणसाच्या नाही. किरणनं भाकरी खाल्ली, किरणनं भात खाल्ला. इथं ‘खाल्ली’ भाकरीमुळं आहे. हे नीट लक्षात ठेवा, कारण नव्यानं सांभाळून बोलणारी माणसं इथंच घाबरतात. “तू भाकरी खाल्लीस का?” हे पोरालाही तसंच विचारतात. ते दुरुस्त करायला जाऊ नका.

अडतं ते मुख्यतः तीन जागी: आला-आली, गेला-गेली, बसला, झोपला, रडला अशा भूतकाळात, ‘होता-होती’त, आणि ‘जातो-जाते, करतो-करते’ या रोजच्या वर्तमानात. वर्तमानाची सोय सोपी आहे. ‘काय करते?’च्या जागी ‘काय चाललंय?’, ‘कुठं राहते?’च्या जागी ‘मुक्काम कुठं असतो?’ भूतकाळात काही फसवी क्रियापदं आहेत. जेवणं, शिकणं, बोलणं, म्हणणं, विसरणं, भेटणं यांना कर्म असलं तरी ‘नं’ लागत नाही आणि ती माणसाच्याच लिंगानं चालतात. किरण मराठी शिकली, किरण डबा विसरली. यांची जोडीदार क्रियापदं शोधून ठेवा. ‘म्हणाली’च्या जागी ‘किरणनं सांगितलं’. ‘विसरली’च्या जागी ‘किरणच्या लक्षात राहिलं नाही’. ‘भेटली’च्या जागी ‘किरणची गाठ पडली’, जे आपल्याकडं तसंही जास्त म्हणतात.

समोरासमोर तू-तू बोलताना याहून सोपं आहे, कारण मराठीत पुष्कळ गोष्टी माणूस करत नाही, माणसाला होतात. राग येतो, भूक लागते, कंटाळा येतो, भीती वाटते. ‘रागावलीस का?’ऐवजी ‘राग आला का?’, ‘कंटाळलीस?’ऐवजी ‘कंटाळा आला?’, ‘जेवलीस का?’ऐवजी ‘जेवण झालं काय?’ सकाळी ‘उठलीस का?’च्या जागी ‘झोप झाली का?’ फोनवर ‘पोचलीस का?’ विचारायची सवय असेल तर ‘पुणं आलं का?’ विचारा. ‘कुठं होतीस इतका वेळ?’ हे सगळ्यात चिवट, त्याला ‘इतका वेळ कुठं लागला?’ यातलं एकही वाक्य बनवलेलं नाही, सगळी आपल्या तोंडची आहेत. ‘तुम्ही आलात, तुम्ही होता’ यातही लिंग नाही, पण आईनं लेकराला एकदम ‘तुम्ही’ म्हणायला लागलं तर ते रुसल्यासारखं वाटतं. तू सोडू नका.

आणि एक बारीक अक्षर, जे क्रियापदापेक्षा जास्त निसटतं: ‘गं’. अगं किरण, ये गं, बस गं, काय गं झालं. वाक्य कितीही सांभाळलं तरी शेवटी हा ‘गं’ येऊन बसतो. बोलणाऱ्याला तो ऐकू येत नाही, किरणला येतो. त्याच्या जागी आपल्या कोल्हापूरचा ‘की’ ठेवा. ये की, बस की, खा की. हाक मारताना ‘ए किरण’. ‘गं’च्या जागी ‘रे’ मात्र आणू नका, तो दुसऱ्या बाजूचा ‘गं’च आहे.

किरण स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी जातो’ म्हणत असेल, तर त्यातून काही अर्थ काढत बसू नका. आपल्याकडं बायका-मुली पिढ्यान्‌पिढ्या ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात. शाळेच्या पुस्तकामुळं आणि टीव्हीमुळं आता ‘मी आले’ वाढलंय इतकंच. म्हणजे कोल्हापुरी बोलीत ‘मी’ बरोबरच्या रूपात पुरुषपण नाहीच, आणि इथं वाढलेल्या नॉन-बायनरी माणसाला बोलीनं आधीच दिलेली ही सोय आहे. पुण्यात मात्र तेच ‘आलो’ पुरुषाचं ऐकू जातं. त्यामुळं किरण घरी एक आणि तिथं दुसरं रूप वापरत असेल, किंवा दोन्हीकडं ‘आपण जाऊ’, ‘मला यायचंय’ अशी वाक्यं जास्त येत असतील, तर तो गोंधळ नव्हे, जागा बघून केलेली निवड आहे. घरात कुणी “पुण्यात शिकून अजून ‘आलो’ म्हणतेस?” असं टोकत असेल तर ते आधी थांबवा.

आता कागलचं लग्न. त्याआधी किरणला विचारून घ्या की तिथं कुणाकुणाला कळलेलं चालेल. हे न विचारता मांडवात ‘किरण आले, त्यांना वाढा’ सुरू केलंत, तर प्रत्येक पाहुणा मान वर करून बघेल आणि जे सांगायचा हक्क किरणचा होता ते तुमच्या क्रियापदानं सांगून टाकलं असं होईल. उलट जुन्या सवयीनं ‘ती आली’ म्हणत राहिलात तर बाजूला बसलेल्या किरणला ते टोचेल. यातून वाट निघते ती लिंग न येणाऱ्या वाक्यांची. ती खोटं बोलत नाहीत आणि उघडंही करत नाहीत. समजा नणंदेनं विचारलं, किरण कुठाय, काय करते सध्या? तुमचं सवयीचं उत्तर असं असतं:

“ती काल रात्री आली. उशिरा आली म्हणून जेवलीच नाही. सकाळी उठली आणि मैत्रिणीकडं गेली. म्हणाली, हॉलवरच भेटू. आता डिझाइन शिकते, पुढच्या वर्षी नोकरीला लागेल.”

यात सात क्रियापदं लिंग दाखवतात, वर एक ‘ती’ आणि एक मैत्रीण. तेच असं सांगता येतं:

“काल घरी पोचायलाच अकरा वाजले. उशीर झाल्यामुळं जेवणही केलं नाही. सकाळी उठून दोस्ताकडं जायचं होतं. हॉलवरच भेटू असं सांगितलंय. डिझाइनचं शिक्षण चालू आहे, पुढच्या वर्षी नोकरी लागेल.”

नणंदेला यात काही वेगळं जाणवणार नाही. मराठीत कर्ता गाळायची मुभा आहे, आणि कुणाबद्दल चाललंय हे तिनंच विचारलेलं असतं. ‘उठून, जाऊन, खाऊन’ ही ‘ऊन’वाली रूपं इथं फार कामाची, कारण दोन क्रिया जोडल्या जातात आणि पहिलीला लिंग लागत नाही. ‘नोकरीला लागेल’ मुळातच चाललं असतं, भविष्यकाळ आहे. आणि जर किरणनं ‘सगळ्यांना कळू दे’ म्हटलं, तर तेच उत्तर “किरण काल रात्री आले, उशिरा आले म्हणून जेवलेच नाहीत” असं बिनधास्त द्या आणि कुणी विचारलं तर एका वाक्यात कारण सांगा. कुणी ‘तृतीयपंथी आहे का?’ असं विचारेल. तो शब्द एका विशिष्ट समाजाचा आणि परंपरेचा आहे. किरणनं स्वतःसाठी तो घेतलेला नाही, तेव्हा ‘किरण स्वतःला नॉन-बायनरी म्हणतात’ इतकं पुरे.

या गाळीव वाक्यांची मर्यादाही सांगायला हवी. लांबलचक हकीकत सांगताना कुणी काय केलं ते हरवतं, आणि ‘किरणचं येणं झालं, किरणचं बसणं झालं’ असं सुरू झालं की सरकारी पत्रासारखं वाटायला लागतं. तसं झालं की समजा, टाळाटाळ जास्त होतेय. घरातही कायम असंच बोललात तर किरणला वाटू शकतं की माझं रूप स्वीकारण्याऐवजी माझा उल्लेखच टाळतात. म्हणून बाहेर गाळीव वाक्यं आणि घरी किरणनं निवडलेलं रूप, ठळकपणे, असं ठेवा.

सरावाबद्दल लोक एक चूक करतात. किरण समोर असताना तेवढं सांभाळतात. पण ‘ते आले’ हे रूप लागतं किरण समोर नसताना, तुम्ही दोघं स्वयंपाकघरात बोलत असता तेव्हा. सवय तिथं बसते किंवा मोडते. रोज रात्री जेवताना दोघांनी पाच मिनिटं किरणबद्दलच बोला, काल काय फोन आला, सुट्टी कधी आहे, आणि एकमेकांना तिथल्या तिथं दुरुस्त करा. पहिला आठवडा फक्त ‘गं’ आणि नात्याचे शब्द. दुसऱ्या आठवड्यापासून आला-गेला-होता. सगळं एकदम धरलंत तर दर वाक्याला अडखळाल आणि चौथ्या दिवशी सोडून द्याल. विशेषणांत ‘शहाणी, लाडकी, मोठी’ अशी बदलणारी तेवढी बघा. हुशार, गोड, प्रेमळ, कष्टाळू यांना काही होत नाही.

किरणसमोर चुकलंच, तर “आली… आले, आणि चहाही घेतला” असं त्याच श्वासात बदलून पुढं चला. ‘अगं बाई, चुकलंच बघ, किती प्रयत्न करते मी’ असं सुरू केलंत की समजूत घालायचं काम किरणवर येतं. शिवाय त्यात ‘अगं’ आलेलाच असतो.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना नॉन-बायनरी शब्दापासून सुरुवात करू नका. त्यांच्या तोंडात ज्या शब्दांचा साठा आहे तो तुमच्या-आमच्यापेक्षा मोठा आहे: लेकरू, पोरगं, मूल, नातवंड, भावंड. ही नामंच नपुंसकलिंगी आहेत, त्यामुळं ‘लेकरू आलं’मध्ये क्रियापद नामाच्या मागं जातं आणि त्यात किरणला कुणी नपुंसकलिंगी केलं असं होत नाही. नुसतं ‘किरण आलं’ म्हणणं आणि ‘माझं लेकरू आलं’ म्हणणं यात हा फरक आहे, आणि पहिलं नको असलेल्या माणसालाही दुसरं बहुतेक वेळा चालतं. किरणला विचारून मग सासूबाईंना एवढंच सांगा, “किरणला नात म्हणू नका, लेकरू म्हणा.” पुढं ‘त्याला, त्याचं’ येईल तिथं ‘लेकराला, लेकराचं’ असं नामच परत म्हणायला सुचवा, म्हणजे पुल्लिंगात घसरत नाही. ‘लेकराला वाढ, लेकराचं ताट कुठाय, लेकरू दमलंय’ असं त्या दिवसभर बोलू शकतील. भाच्याच्या पत्रिकेत घरच्यांची नावं छापणार असतील तर किरणच्या नावामागं ‘कु.’ लागू देऊ नका. प्रेसला मजकूर जायच्या आधी नणंदेला फोन करून ‘नुसतं किरण छाप’ म्हणून सांगा.